अहवाल 64 पानांचा, साहेबांकडे चार मिनिटं. एका पानात काय ठेवायचं?

झरा_यवतमाळ

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात आम्ही तिघांनी दीड वर्ष पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडचं काम केलं. उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यानंतर एकदा, असे दोनदा नमुने घेतले. 64 पानांचा अहवाल झाला. मागच्या आठवड्यात एका मोठ्या कार्यालयात मोठ्या अधिकारी मॅडमची दहा मिनिटांची वेळ मिळाली. त्यातली सहा मिनिटं आमच्या आधीच्या शिष्टमंडळाने खाल्ली.

आम्ही 6 पानांचा सारांश नेला होता. मॅडमनी पहिलं पान पाहिलं, दुसरं उलटलं, मग सरळ शेवटच्या पानावर गेल्या आणि विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय?" मी म्हटलं, "शासनाने फ्लोराइडग्रस्त गावांसाठी सर्वंकष धोरण आखावं." त्यांनी "चांगलं काम आहे" म्हणून कोपऱ्यात काहीतरी लिहून सही केली. बाहेर आल्यावर शिपाईकाकांनी वाचून दाखवलं: "का.अ., अभिप्रायार्थ." म्हणजे कार्यकारी अभियंत्याकडे, मत मागवायला.

पुन्हा वेळ मिळेल असं वाटतंय, पण या वेळी एकच पान न्यायचंय. खरे आकडे आणि गावांची नावं इथे टाकत नाही, हिशेब कळावा म्हणून बदललेले आकडे देते. 9 गावं, 60 सार्वजनिक स्रोत. त्यात 42 हातपंप, 18 विहिरी. 23 हातपंपांत फ्लोराइड लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे भारतीय मानकाच्या कमाल मर्यादेच्याही वर. विहिरींपैकी फक्त एकीत.

सारांशाची सुरुवात अशी होती: "प्रस्तुत अभ्यासात निवडलेल्या 9 गावांतील भूजलाच्या गुणवत्तेचे मूल्यमापन करण्यात आले असून फ्लोराइडचे सरासरी प्रमाण 1.3 मिलिग्रॅम प्रति लिटर इतके आढळून आले. सदर समस्येबाबत शासनस्तरावरून सर्वंकष उपाययोजना होणे गरजेचे आहे."

कुठे चुकलं ते सांगा. रागावणार नाही.

बोंडअळी

सोपं आहे. अक्षर 6 पॉइंट करा, समास काढून टाका, 64 पानं एका पानात येतात. भिंग सोबत द्या.

प्रा_गोडबोले_नव्हे

सुरुवात चुकलेली नाही. शास्त्रीय लेखनात आधी पद्धत, मग निष्कर्ष, मग शिफारस असाच क्रम असतो. सरासरीसोबत प्रमाण विचलन दिलं असतं तर चित्र पूर्ण झालं असतं, एवढीच त्रुटी. अधिकाऱ्याला वेळ नाही म्हणून आपण पद्धत शेवटी ढकलायची, हे मला पटत नाही. आधी विश्वास बसला पाहिजे, मागणी त्यानंतर.

पाटील_वावरातले

ताई, मले बी यकच पान पायजे. आमच्या वावरातल्या बोअरचं पाणी खारट लागते, त्याचा अर्ज कोणाले द्याचा? तलाठ्याले देला तं तो म्हनते माह्या कामाचं नाही.

जुनी_नस्ती

मी जिल्हा परिषदेत 31 वर्षं होतो, शेवटची काही वर्षं कक्ष अधिकारी. "अभिप्रायार्थ" हा शेरा मी इतक्या वेळा पाहिलाय की झोपेतही ओळखेन. तो का पडतो ते आतल्या बाजूने सांगतो.

तुम्हाला वाटतं मॅडम तुमचा कागद वाचून निर्णय घेतात. तसं होत नाही. मॅडम कागद खाली पाठवतात. तो आवकमध्ये नोंदला जातो, टेबलवर येतो, तिथला सहायक त्यावर टिपणी लिहितो आणि ती टिपणी पुन्हा वर जाते. सही पडते ती टिपणीवर. म्हणजे तुमचा खरा वाचक मॅडम नाहीत, तो टेबलवरचा सहायक आहे. त्याच्यासमोर आणखी चाळीस नस्त्या पडलेल्या असतात. त्याला तुमच्या पानावरून चार गोष्टी जशाच्या तशा उचलता आल्या पाहिजेत: काय करायचं, कोणी करायचं, कोणत्या अधिकारात आणि कोणत्या निधीतून. यातली एक जरी नसली तरी त्याच्यापुढे सुरक्षित मार्ग एकच उरतो. संबंधित खात्याचे अभिप्राय मागवायचे. त्यात आळस नाही, भीती आहे. चुकीची टिपणी लिहिली तर लेखापरीक्षणात उत्तर त्यालाच द्यावं लागतं.

आता तुमची मागणी बघा. "शासनाने सर्वंकष धोरण आखावं." शासन म्हणजे कोण? धोरण मंत्रालयात ठरतं. तुम्ही ज्या टेबलापुढे बसला होतात तिथे ते आखताच येत नाही. मॅडमनी खरंतर शिष्टाचार पाळला, नाहीतर कागद तिथूनच परत आला असता.

शेऱ्यांची भाषाही शिकून घ्या. "पाहिले" म्हणजे संपलं. "अभिप्रायार्थ" म्हणजे झोपलं. "चर्चा करा" म्हणजे जीव आहे. "तपासून 7 दिवसांत सादर करा" आलं की पेढे वाटा.

बोंडअळी

काका, "नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी" म्हणजे?

जुनी_नस्ती

म्हणजे कोणीही काहीही करू नये.

झरा_यवतमाळ

काका, डोळे उघडले. पण मग त्या अधिकाऱ्यांच्या हातात नेमकं काय आहे? मला खरंच माहीत नव्हतं.

जुनी_नस्ती

पुष्कळ आहे. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी गटविकास अधिकाऱ्यांना पत्र काढू शकतात, ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कार्यकारी अभियंत्याकडून फेरतपासणी मागवू शकतात, महिला व बालकल्याण आणि शिक्षण या दोन्ही खात्यांना एकाच पत्रात बांधू शकतात. पैशाचं म्हणाल तर ग्रामपंचायतींना वित्त आयोगाचा जो बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचा निधी मिळतो, त्यात पिण्याच्या पाण्याचा वाटा आहेच. मात्र काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात असावं लागतं. नसेल तर आराखड्यात बदल, त्यासाठी ग्रामसभा. म्हणून तुमच्या पानावर "निधी द्यावा" असं लिहू नका. "ग्रामपंचायतीच्या बंधित निधीतून, आराखड्यात समाविष्ट करून" असं लिहा. पहिलं वाक्य याचना वाटतं, दुसऱ्यावरून टिपणी लिहिता येते.

वेळही बघा. पुढच्या वर्षाचे आराखडे साधारण 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून हलायला लागतात. टंचाई आराखडा ऑक्टोबर ते जून असा तीन टप्प्यांत चालतो. मार्च अखेरीस गेलात तर तुमचं पान कितीही सुंदर असो, सगळे बिलं काढण्यात गुंतलेले असतात.

दुपारचा_चहा

मी एका संस्थेसाठी असे कागद करतो. सरासरीच्या वाक्यावर कोणी बोलत नाहीये याचं आश्चर्य वाटतं. झरा, तुमच्या पहिल्याच वाक्यात "सरासरी 1.3" आहे आणि मर्यादा 1.5. चार मिनिटांत वाचणाऱ्याने त्यातून काय घ्यायचं? की सगळं ठीक आहे! तुमचाच आकडा तुमच्या विरोधात साक्ष देतोय. माणूस सरासरी पाणी पीत नाही, एका ठरलेल्या हातपंपाचं पाणी पितो. 18 विहिरींचं चांगलं पाणी हिशेबात मिसळल्यामुळे 23 पंप त्यात बुडाले.

प्रा_गोडबोले_नव्हे

म्हणूनच मी प्रमाण विचलन द्या म्हटलं.

दुपारचा_चहा

सर, विचलन वाचून मॅडम कोणता पंप बंद करणार? "42 पैकी 23 हातपंप" हे वाचताक्षणी कळतं, आणि त्याच्या मागे यादी जोडता येते. इथे टक्केवारीही नको. 55 टक्के म्हटलं की "कशाचे?" हा प्रश्न येतो आणि त्यातच एक मिनिट जातं.

मात्र तुमचं एक बरोबर आहे. पद्धत पूर्ण गाळता येत नाही. एक ओळ लागते, आणि ती मागणीच्या लगेच खाली हवी. कारण अभियंता पहिला हल्ला तिथेच करतो: "नमुने कुठे तपासले?"

झरा_यवतमाळ

इथेच माझी दुखरी नस आहे. सगळे 60 स्रोत आम्ही जागेवर किटने तपासले. प्रयोगशाळेत दोन्ही वेळा मिळून 30च नमुने पाठवता आले, पैसे संपले. किटमध्ये रंग डोळ्याने तक्त्याशी जुळवायचा असतो. 3 आणि 1 मधला फरक कुणालाही दिसतो, पण 1.3 आणि 1.6 मधला फरक दुपारच्या उन्हात आम्हा तिघांना तीन वेगवेगळा दिसला. 23 मधले काही पंप अगदी मर्यादेच्या काठावर आहेत. हे लिहिलं तर सगळंच पडेल अशी भीती वाटते.

प्रा_गोडबोले_नव्हे

लिहिलं नाही तर जास्त जोरात पडेल. अभियंत्याने काठावरचा एक पंप तपासून 1.4 दाखवला की बाकीचे 22 ही खोटे ठरतात. या मुद्द्यावर मी माघार घेणार नाही.

जुनी_नस्ती

सरांशी पहिल्यांदाच सहमत.

नर्सताई_मेळघाट

मी उपकेंद्रात आहे, तिकडे मेळघाटात, त्यामुळे फ्लोराइडचा अनुभव थोडा आणि जुलाबाचा भरपूर. दोन गोष्टी विचारते.

पहिली. या पंपांवर कोण पाणी पितं ते लिहिलंय का कुठे? दातांवरचे डाग पक्के दात हिरडीत तयार होत असताना पडतात, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आतल्या पोरांना. एकदा पडले की ते घासून जात नाहीत. हाडांचं दुखणं वर्षानुवर्षं पिऊन येतं. म्हणजे सगळे 23 पंप सारखे नाहीत. अंगणवाडीच्या आणि शाळेच्या आवारातला पंप वेगळा मोजायला हवा, तिथे रोज लहान पोरं पितात आणि खिचडीही त्याच पाण्यात शिजते.

दुसरी गोष्ट भांडायची आहे. तुम्ही म्हणता विहिरीचं पाणी चांगलं. फ्लोराइडपुरतं चांगलं असेल. पण उघडी विहीर, कठड्याला तडे, बाजूला गुरं धुतात, आणि जंतू मारायची टीसीएल पावडर कागदावरच टाकलेली. पंप बंद करून लोकांना विहिरीवर नेलंत आणि पावसाळ्यात कावीळ आली तर तुमच्या पानाचा गाव काय करेल माहीत आहे? चूल पेटवेल.

बोंडअळी

उकळून प्यायचं ना मग. कावीळ पण गेली, फ्लोराइड पण गेलं. एका दगडात.

नर्सताई_मेळघाट

दादा, जंतू मरतात, फ्लोराइड मरत नाही. पाणी आटतं तसं ते उलट घट्ट होतं. हे गावात जाऊन सांगू नका.

विहीरखोद्या

तुरटी फिरवली की जातं. आमच्या आजोबांपासून करतो.

दुपारचा_चहा

अर्धं खरं आहे. तुरटी आणि चुना ठरलेल्या मापात घालून फ्लोराइड खाली बसवायची पद्धत आहे, ती नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनेच विकसित केली आणि नालगोंडा पद्धत म्हणून ओळखली जाते. पण तुरटीचं माप पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि क्षारतेवर ठरतं, मग ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी गाळून घ्यायचं आणि तो गाळ नीट टाकायचा. तुमची घागरीत दोनदा फिरवलेली तुरटी गढूळपणा काढते, त्यापलीकडे फार काही नाही.

पाटील_वावरातले

माह्या बोअरचं कोनी सांगन का? खारट म्हनजे फ्लोराइड हाये का नाही?

झरा_यवतमाळ

पाटीलभाऊ, चवीवरून फ्लोराइड कळत नाही. खारट लागतं ते दुसऱ्या क्षारांमुळे. गोड लागणाऱ्या पंपातही आम्हाला 3 च्या वर सापडलंय. बाटलीत नमुना घेऊन भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्या, किंवा ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाकडे किट असेल तर त्याच्याकडून बघून घ्या. तुमचं बोअर किती फूट आहे?

पाटील_वावरातले

तीनशे वीस. विहीर हाये तिचं पाणी बेस लागते, पन उन्हायात आटते.

झरा_यवतमाळ

आमच्याकडेही तेच चित्र आहे. खोल बोअरचं पाणी खडकात जास्त काळ मुरतं, तेवढा वेळ त्याला फ्लोराइड विरघळवायला मिळतो. विहिरीत दर पावसाळ्याला वरचं नवं पाणी येतं.

नर्सताई, तुमचं वाचून काल रात्री वही काढून बसले. 23 पैकी 6 पंप शाळा किंवा अंगणवाडीच्या आवारात आहेत. आणि गंमत म्हणजे प्रयोगशाळेत पाठवायचे नमुने निवडताना आम्ही शाळांचे आधी घेतले होते. म्हणजे हे सहाही पंप दोन्ही हंगामांत प्रयोगशाळेत तपासलेले आहेत, सहाही 2 च्या वर. इतके दिवस हे माझ्या परिशिष्टात, पान 58 वर पडून होतं!

6 पैकी 4 ठिकाणी 200 मीटरच्या आत चांगल्या पाण्याची विहीर आहे. 2 ठिकाणी काहीच नाही.

दुपारचा_चहा

मिळालं तुमचं पान. जिथे पुरावा सगळ्यात भक्कम, तिथेच नुकसान सगळ्यात मोठं, आणि मागणी सहा जागांची. बाकीचे 17 पंप मागच्या बाजूला यादीत ठेवा, "फेरतपासणी आवश्यक" अशा शीर्षकाखाली. काठावरचे पंप तिथे निवांत बसतील. अभियंता त्यांना खोडणार नाही, कारण तुम्ही स्वतःच म्हणताय की तपासा.

विदर्भवादी_1905

म्हणजे 17 पंपांवरच्या लोकांनी फ्लोराइड पीत राहायचं? तुम्ही लोक मागणी कापून कापून इतकी लहान करता की ती मान्य झाली काय अन् नाही झाली काय. कायम असंच होतं विदर्भाचं. मागायचं तर 9 गावांची नळयोजना मागा!

जुनी_नस्ती

मागा की. पण ती मागणी या टेबलवर नाही. नळयोजनेला सर्वेक्षण, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, एवढं सगळं लागतं. ते चालू राहू दे. तोपर्यंत अंगणवाडीतल्या पोराचे दात थांबणार आहेत का?

विदर्भवादी_1905

थांबणार नाहीत, पण सहा पंपांवर लाल रंग मारला की अधिकारी म्हणणार प्रश्न सुटला. हे पण तुम्ही 31 वर्षं पाहिलंच असेल काका.

जुनी_नस्ती

पाहिलंय. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

झरा_यवतमाळ

मसुदा टाकते. फाडा.

"विषय: 6 शाळा व अंगणवाड्यांतील हातपंपांचे पाणी पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी बंद करून पर्यायी पाणी देणेबाबत.

विनंती: सोबतच्या यादीतील 6 हातपंपांवर 15 दिवसांत लाल रंग देऊन 'पिण्यासाठी नाही' असे लिहिण्याबाबत आणि खालील पर्यायी व्यवस्था करण्याबाबत संबंधित गटविकास अधिकाऱ्यांना पत्र व्हावे.

कारण: या 6 हातपंपांत दोन्ही हंगामांत फ्लोराइड 2 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर आढळले. मर्यादा 1.5 आहे. हे पाणी रोज आठ वर्षांखालील मुले पितात. या वयात दातांचे झालेले नुकसान भरून येत नाही. नमुने उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर घेतले, प्रयोगशाळेत तपासले. अहवाल सोबत.

पर्यायी व्यवस्था: 4 ठिकाणी 200 मीटरच्या आत विहीर आहे, तेथील पाण्यात फ्लोराइड मर्यादेत आहे. कठडा दुरुस्ती, झाकण व टीसीएलचा नियमित वापर आवश्यक. 2 ठिकाणी जवळ स्रोत नाही, तेथे टाकी ठेवून बाहेरून पाणी भरावे लागेल.

कोणी व कशातून: ग्रामपंचायत, बंधित निधीतील पिण्याच्या पाण्याच्या वाट्यातून, विकास आराखड्यात समाविष्ट करून. टीसीएलची जबाबदारी जलसुरक्षकाची.

माहीत नसलेले: विहिरींतील जंतूंची तपासणी आम्ही केलेली नाही. ती पाणी सुरू करण्यापूर्वी व्हावी. इतर 17 हातपंपांची किटवरील नोंद मागील पानावर आहे, त्यांची प्रयोगशाळेत फेरतपासणी व्हावी."

नर्सताई_मेळघाट

"विहिरींतील जंतूंची तपासणी आम्ही केलेली नाही" हे लिहिलंत, बरं वाटलं. आता भांडण मिटलं. फक्त "टीसीएलचा नियमित वापर" ऐवजी "रोज" लिहा. नियमित म्हणजे आमच्याकडे तपासणी पथक येतं त्या दिवशी.

आणि पंपाचं हँडल काढू नका म्हणावं. भांडी, कपडे, संडासाला ते पाणी चालतं. हँडल काढलं तर बाया भांडतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

प्रा_गोडबोले_नव्हे

मर्यादांना वेगळा परिच्छेद दिलात याचं समाधान आहे. तरी एक आक्षेप. "दातांचे झालेले नुकसान भरून येत नाही" असं लिहिलंय, पण तुम्ही मुलांचे दात तपासलेच नाहीत. वाचणाऱ्याला वाटेल की या सहा शाळांत नुकसान झालेलं तुम्ही पाहिलंय.

झरा_यवतमाळ

सर, मान्य. "होणारे नुकसान" करते, आणि "मुलांची दंततपासणी या अभ्यासात नाही" हे शेवटच्या परिच्छेदात घालते. खरं सांगायचं तर डाग डोळ्यांनी पाहिलेत. एका शाळेत फोटो काढताना पोरं तोंडावर हात धरत होती. पण ते मोजलेलं नाही.

दुपारचा_चहा

तो फोटो लावू नका. तोंड झाकलेला असला तरी नको. पोरं गावातली आहेत, पान कुठे कुठे फिरेल सांगता येत नाही. त्याऐवजी सहा पंपांचा छोटा नकाशा द्या, प्रत्येकाशेजारी आकडा आणि जवळच्या विहिरीपर्यंतचं अंतर. रंगीत छापू नका, कार्यालयात झेरॉक्स काळीपांढरी निघते आणि तुमचे लाल-हिरवे ठिपके सारखेच दिसतात. लाल पंपाला चौकोन, विहिरीला गोल करा.

जुनी_नस्ती

नकाशाचं उत्तम. माझ्या तीन दुरुस्त्या. विनंतीत "15 दिवसांत" आहे ते राहू द्या, तारीख नसलेलं पत्र निघालं तरी पोचत नाही. यादीत गाव, ग्रामपंचायत, शाळेचं नाव आणि पंप नेमका कुठे, म्हणजे "शाळेच्या मागे, चिंचेखाली" असं लिहा. एका आवारात दोन पंप असले की रंग भलत्याला लागतो. आणि मसुद्याची एक प्रत टेबलवर पेनड्राइव्हमध्ये द्या, युनिकोडमध्ये. सहायकाला टिपणी टाइप करावी लागली नाही तर तुमचं अर्धं काम तिथेच झालं. मराठीतच द्या. इंग्रजी पान दिलं तर त्याचं भाषांतर टेबलवर होतं, आणि त्यात तुमचे सहा पंप साठही होऊ शकतात.

बोंडअळी

काका, हे सगळं कळायला 31 वर्षं लागली?

जुनी_नस्ती

कळायला दोनच लागली. बाकीची 29 लोकांची सहा-सहा पानं वाचण्यात गेली.

*(अकरा दिवसांनी)*

झरा_यवतमाळ

जाऊन आले. तीन मिनिटं मिळाली, बसायला खुर्चीही नव्हती. मॅडमनी विषय वाचला, नकाशा पाहिला आणि एकच प्रश्न विचारला: "तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत?" अहवाल जोडलेला होता, दाखवला. मग म्हणाल्या, "विहिरीचं जंतूंचं तुम्ही स्वतःच लिहिलंय, बरं केलं. नाहीतर पाणीपुरवठ्यावाले मला तेच सांगत आले असते." शेरा असा: "का.अ. ग्रा.पा.पु., 6 स्रोतांची फेरतपासणी करून 7 दिवसांत सादर करा. गविअ, चर्चा करा."

काका, पेढे वाटू का?

जुनी_नस्ती

अर्धा किलो. सात दिवस म्हणजे तीन आठवडे धरा, आठव्या दिवशी टेबलवर चक्कर मारा. भांडायला नाही, "नमुने घ्यायला मी सोबत येऊ का" विचारायला. चिंचेखालचा पंप त्यांना सापडायचा नाही.

विदर्भवादी_1905

अभिनंदन. 17 चं काय?

झरा_यवतमाळ

मागच्या पानावर आहेत. मॅडमनी पान उलटलं नाही.

पाटील_वावरातले

ताई, माह्या बोअरचा रिपोट आला. फ्लोराइड 2.4. खारट होतं म्हनून आम्ही थोडं कमीच पेत होतो, पन माय सारा सयपाक त्याच्यातच करे. आता विहिरीचं आनतो. अन् आमच्या शायेतला पंप तुमच्या यादीत हाये का नाही मले मालूम नाही, पन त्याचा नमुना बी त्याच दिवशी देला. उद्या रिपोट आनाले जातो.